श्रावण हे मुलीचे नाव नाही

रत्नागिरी,
४ ऑगस्ट

तीर्थरूप आजोबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा रात्री ८ वाजून १२ मिनिटांनी आपण आपल्या घरच्या ग्रुपवर जो हुकूम काढलात, त्यानुसार हे पत्र लिहीत आहे. "सदर चित्रात हसण्यासारखे काय आहे, ते चि. नातीने लेखी, शुद्ध मराठीत व स्वच्छ अक्षरात कळवावे," असे आपले शब्द होते. ग्रुपवर ३८ माणसे आहेत. मी आदल्या दिवशी सकाळी पाठवलेल्या चित्राला त्यांतल्या दोघांनी हसरा चेहरा दिला होता आणि त्यातला एक काकांच्या हातून चुकून दाबला गेला होता, असे त्यांनीच नंतर कळवले. आपल्या हुकमाखाली मात्र अकरा हसरे चेहरे जमले. म्हणजे माझ्या विनोदावर कोणी हसले नाही आणि तो समजावून सांगण्याची शिक्षा मला झाली, यावर सगळे पोट धरून हसले. याचे मला वाईट वाटले आहे, हे प्रारंभीच नोंदवून ठेवते.

प्रथम चित्र. भर रस्त्यात तीन तरुण माणसे आहेत. मध्ये निळ्या चौकड्यांच्या शर्टातला एक मुलगा आहे. त्याच्या उजव्या अंगाला फिक्या निळ्या कपड्यांतली त्याची मैत्रीण त्याला धरून चालली आहे. डाव्या अंगाला, चित्राच्या अगदी पुढच्या बाजूला, लाल कपड्यांतली दुसरी मुलगी नुकतीच त्यांच्या शेजारून पुढे गेली आहे आणि हा गृहस्थ मान वळवून, शीळ घातल्यासारखे ओठ करून तिच्याकडे बघत आहे. मैत्रिणीचा चेहरा कसा झाला आहे ते मी सांगायला नको. आपण एकादशीला चुकून कांद्याची भजी खाल्लीत तेव्हा आजीचा झाला होता, तसाच. या तिघांवर मी शब्द लिहिले होते. मुलावर "कोकणी माणूस", मैत्रिणीवर "श्रावण" आणि लाल कपड्यांतल्या मुलीवर "सुरमई".

एवढे पुरेसे व्हायला हवे होते. परंतु आपण प्रतिक्रिया देण्यासाठी ध्वनिमुद्रणाचे बटण दाबलेत, ते वर सरकून अडकले, आणि फोन पडवीतल्या बाकावर तसाच राहिला. त्यामुळे शेजारचे तात्या आणि आपण यांच्यात झालेले ६ मिनिटे ४० सेकंदांचे संभाषण, मधल्या कोंबड्यासकट, सर्व ३८ जणांकडे पोहोचले. ते आपण पुन्हा ऐकले नसावे, म्हणून त्यातला आवश्यक भाग जसाच्या तसा उतरवून देत आहे. ज्यांनी माझ्याकडे शुद्ध मराठीचा आग्रह धरला, ते स्वतः पडवीत कोणती भाषा बोलतात, हेही त्यामुळे आपोआप नोंदले जाईल.

तात्या म्हणाले, "हो झील कोणाचो?"

आपण म्हणालात, "माका काय म्हायत? नातीन धाडल्यान."

"बरोबर चेडू आसा, आणि बघता खंय बघा मेलो. तेंच्यावर काय लिवलला आसा?"

"चष्मो दी हाडून. हां. ह्या चेडवावर लिवलाहा श्रावण."

"श्रावण? चेडवाचा नाव श्रावण?"

"हल्ली कायय ठेवतत."

"आणि त्या लाल कपड्यातल्याचा?"

"सुरमई."

यानंतर अकरा सेकंद शांतता आहे. कोंबडा इथेच आरवतो. मग तात्या अत्यंत समजूतदार आवाजात म्हणतात, "बंगाली आसतला. थंय अशी नावां आसतत."

आजोबा, हे ऐकताना मी जमिनीवर लोळून हसले, हे कबूल करते. या एका वाक्याची बरोबरी माझ्या चित्राला जन्मात साधणार नाही. पण पुढचे ऐकून मी उठून बसले. मुलावर काय लिहिले आहे, असे तात्यांनी विचारले. आपण "कोकणी माणूस" असे वाचून दाखवलेत. तात्या म्हणाले, "म्हणजे आपल्यातलोच," आणि लगेच त्यांना शर्ट ओळखीचा वाटू लागला. जून महिन्यात प्राजक्ताताईला बघायला कुडाळहून जे स्थळ आले होते, तो मुलगा असाच चौकड्यांचा शर्ट घालून आला होता. "नाकय तसाच आसा," असेही तात्या म्हणाले. वास्तविक त्या दिवशी तात्यांनी त्या मुलाचे नाक पाहिले असण्याची शक्यता कमी आहे, कारण पोह्यांच्या बशीवरून त्यांनी मान वर केल्याचे कोणालाच आठवत नाही.

त्याच रात्री साडेनऊ वाजता काकूंचा आईला फोन आला. मुलाचे बाहेर काही आहे हे तुमच्या मुलीला ठाऊक होते, तर तिने सरळ सांगायचे सोडून असे आडवळणाने चित्र का पाठवले, असा त्यांचा प्रश्न होता. फोन माझ्या हातात देण्यात आला. हे छायाचित्र स्पेनमधल्या गिरोना नावाच्या शहरात काढलेले आहे, असे मी त्यांना सांगितले. काकू क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग तो स्पेनला कधी गेला?"

तेव्हा मूळ गोष्टीकडे येते. आपल्या सगळ्या गैरसमजाचे कारण एकच आहे. चित्रावरचे शब्द आपण त्या माणसांची नावे म्हणून वाचलेत. ती नावे नाहीत. त्या माणसांनी त्या चित्रात त्या त्या गोष्टीचे सोंग घेतले आहे, असे धरायचे असते. मुलगी श्रावण नावाची नाही. ती श्रावण महिना आहे. आपण पडवीत आणखी एक शंका काढली होती, की सुरमई म्हणावी तर चित्रात मासा कुठेच दिसत नाही. मासा दिसत नाही हे खरे आहे. सुरमईचे काम लाल कपड्यांतल्या मुलीकडे दिलेले आहे.

हे आपल्याला पटणार नाही असे वाटून मी दोन दिवस उदाहरण शोधत होते आणि मग लक्षात आले, की ते आपल्याच देवळासमोर दरवर्षी रात्रभर चालू असते. दशावतारात आख्यान ठरलेले असते. कोण कोणाला मारणार, हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असते. संवाद मात्र लिहिलेले नसतात. ते नट उभ्या उभ्या रचतो. संकासुर वेद चोरतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो, ही गोष्ट आपण साठ-सत्तर वेळा पाहिली असेल. तरी गेल्या वर्षी जत्रेत संकासुराने, वेद चोरले खरे, पण व्हाळावरचा साकव वाहून गेल्यामुळे आणि एसटी फाट्यावरच उतरवते म्हणून गाठोडे डोक्यावर घेऊन चालत यावे लागले, असे सांगितले, तेव्हा आपण इतके हसलात की चष्मा पुढच्या माणसाच्या टोपरात पडला. आपण कशाला हसलात? संकासुर जुना होता, साकवही सगळ्यांना पाठ होता. पुराणातला असुर आपल्या वाडीच्या फाट्यावर उभा राहिला, या दोन गोष्टींच्या अचानक झालेल्या गाठीला आपण हसलात. त्या वेळी "वेदांच्या काळी एसटी होती काय, ते संकासुराने लेखी कळवावे," असे आपण रंगमंचावर कळवल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

माझे चित्र नेमके तेच करते. तीन माणसांचे छायाचित्र म्हणजे ठरलेले आख्यान. ते जगातल्या पुष्कळ लोकांनी पुष्कळदा पाहिलेले आहे. वरचे शब्द तेवढे माझे. ज्याने हे छायाचित्र पूर्वी शंभरदा पाहिले आहे, त्याला कोण मोहात पडला आहे आणि कोण दुखावले आहे, हे शब्द वाचण्यापूर्वीच कळलेले असते. त्याला फक्त या खेपेला सोंग कोणी घेतले आहे, ते बघायचे असते. आपण हे छायाचित्र पहिल्यांदाच पाहत होतात. जन्मात दशावतार न पाहिलेल्या माणसाला मध्यरात्री उठवून संकासुरापुढे बसवावे, तसे आपले झाले. ही चूक आपली नाही. माझीही नाही, परंतु हे कोणी म्हणत नाही.

आता शब्द कसेही लिहून चालत नाहीत, हेही सांगायला हवे, कारण "वाट्टेल ते लिहायचे आणि विनोद म्हणायचे" असे काका म्हणाले आहेत. धरलेल्या हाताच्या जागी अशीच गोष्ट लागते, जिला आपण शब्द दिलेला आहे आणि जी सोडता येत नाही. जी शेजारून जाते ती नुकतीच आलेली लागते. आणि मान वळवणारा माणूस असा लागतो, की ज्याची मान वळणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. बिगरयांत्रिक होड्यांना ती लागू नसते, पण त्या पावसात त्यांना मिळते ते किती आणि आपल्या ताटापर्यंत पोहोचते ते किती. म्हणजे दोन महिने माणूस सुकटीवर, सोड्यांवर आणि आठवणींवर काढतो. ती बंदी १ ऑगस्टला उठते. आणि यंदा श्रावण त्याच्या आधीच सुरू होऊन बसलेला आहे. समुद्र उघडला आणि तोंड बंद झाले. चित्रातला मुलगा ज्या क्षणी वळतो आहे, तो हाच क्षण आहे आणि म्हणूनच मी ते चित्र १ ऑगस्टला सकाळी पाठवले. तेच चित्र मार्गशीर्षात पाठवले असते, तर तात्या हसले नसते ते योग्यच ठरले असते.

माझे म्हणणे तपासून पाहायचे असेल तर दोन शब्दांची अदलाबदल करून पाहावी. हात धरलेली सुरमई आणि शेजारून चाललेला श्रावण, असे केले, तर सुरमई खाता खाता श्रावणाकडे आशेने बघणारा कोकणी माणूस मिळतो. असा माणूस वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत सापडायचा नाही, म्हणून त्यात विनोद नाही. (पहिल्या आठवड्यात दर्या खवळलेला असतो, तेव्हा सुरमई येणार कुठून, अशी आपण शंका काढाल हे मला ठाऊक आहे. चित्रावर "जे काही मिळेल ते" असे लिहिणे शोभले नसते.)

आणखी एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते, ती भिंगातून बघावी. तात्यांचे भिंग नाहीतरी आपल्याकडेच असते. लाल कपड्यांतली मुलगी कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ असूनही पुसट आहे. छायाचित्रकाराने भिंग मागच्या जोडीवर नेमके धरले आहे, त्यामुळे त्या दोघांचे चेहरे रेघ न् रेघ दिसतात आणि जिच्यामुळे हे सगळे घडले तिचा चेहरा धड ओळखू येत नाही. म्हणून तिच्या जागी काहीही खपते. सुरमई खपते, झोप खपते, परीक्षेच्या आदल्या रात्री कपाट आवरणे खपते. ज्याचा मोह पडतो ते पुसट आणि ज्याला पडतो त्याचे तोंड स्वच्छ, अशी रचना त्या माणसाने मुद्दाम केली असेल असे मला वाटत नाही, पण चित्र चालले ते यामुळे, असे माझे मत आहे.

त्या माणसाचे नाव आंतोनिओ गिलेम. ते असे फोटो काढून विक्रीला ठेवतात, म्हणजे जाहिरातवाल्यांना किंवा मासिकांना "भांडणारे जोडपे" हवे असेल तर त्यांनी पैसे भरून घ्यावे. त्यातली मुले पगारी नट आहेत. कोणी कोणाला फसवलेले नाही, हे कृपया काकूंना सांगावे. हा फोटो २०१५ च्या सुमारास निघाला आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी त्यावर शब्द लिहून तो जगभर नेला. मीम हा शब्द कोणत्या भाषेतला, असेही आपण विचारले आहे. रिचर्ड डॉकिन्स या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली तो बनवला. अनुकरण या अर्थाच्या ग्रीक शब्दाला त्यांनी कात्री लावली, म्हणजे तो 'जीन' या शब्दाशी यमक जुळवील. एका माणसाकडून दुसऱ्याकडे नकलेने पसरणारी कोणतीही गोष्ट, मग ती चाल असो, म्हण असो की फॅशन, असा त्यांचा अर्थ होता. त्या अर्थाने पाहिले, तर आपण रोज पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी गुलाबाच्या फुलावर जे सुवचन पाठवता, तेही मीमच आहे.

हे सुवचन मी मुद्दाम मध्ये आणले. गेली तीन वर्षे ते येते. खाली ज्या थोर पुरुषाचे नाव असते, त्याने ते वाक्य कधी उच्चारले असेल असे वाटत नाही. एकच वाक्य एप्रिलमध्ये एकाच्या आणि जूनमध्ये दुसऱ्याच्या नावावर आलेले मी पाहिले आहे. त्याचा अर्थ लेखी कळवावा, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. सगळे हात जोडतात. आणि सोहमदादाने आषाढी अमावास्येला जी चित्रे पाठवली होती, ती मी वर्णन करून इथे लिहिली तर हे पत्र आजीला वाचता येणार नाही. त्याला काकांनी "व्वा बेटा" असे लिहिले. माझ्या चित्रावर तात्या त्या ध्वनिमुद्रणाच्या शेवटी म्हणतात, "चेडवान असली चित्रां धाडूची न्हय." आपण त्यावर काहीच बोलला नाहीत. कोंबडासुद्धा आरवला नाही. सोळाव्या वर्षी माझ्या फोनमध्ये काय असावे, हे ज्यांना सुरमई बंगाली वाटते त्यांनी ठरवावे, आणि पूर्ण ग्रुपने ते ऐकून अंगठे दाखवावेत, हे मला अजून गिळता आलेले नाही. विनोद समजला नाही तर चालेल. तो मुलीने केला म्हणून चौकशी लागली, हे चालणार नाही.

बाकी, चित्रावर घेण्यासारखा एक खरा आक्षेप आहे आणि तो तात्यांना सुचला नाही, म्हणून मीच सांगते. २०१८ साली स्वीडनमध्ये एका इंटरनेट कंपनीने नोकरभरतीच्या जाहिरातीसाठी हेच चित्र वापरले होते. मुलावर "तू", मैत्रिणीवर "तुझी सध्याची नोकरी" आणि लाल मुलीवर कंपनीचे नाव. तिथल्या जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने तक्रारीवरून निकाल दिला, की यात बायकांना एक टाकून दुसरी घ्यावी अशा वस्तूंसारखे दाखवले आहे. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते, कारण माझ्याही चित्रात एक मुलगी महिना आहे, दुसरी मासा आहे आणि माणूस तेवढा माणूस आहे. पुढच्या खेपेस दुसरे आख्यान निवडीन. परंतु ही अक्कल मला स्वीडनकडून आली. आपल्या पडवीतून नाही.

आता शेवटचे. काल दुपारी आजीशी फोनवर बोलले. तिने ते चित्र चष्म्याशिवाय, हात लांब करून पाहिले होते, आणि तिला कोणी काही समजावून सांगितलेले नव्हते. ती म्हणाली, "तो मान वळवलेला कोण, ते मला लगेच कळले." मग तिने सांगितले, की १ तारखेला संध्याकाळी आपण भरती किती आली ते बघायला म्हणून बंदरावर गेलात आणि २ तारखेलाही गेलात. भरती बघायला जाताना आपण नायलॉनची हिरवी पिशवी घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली होती, हे तिने कपडे भिजवताना पाहिले. पिशवी रिकामी होती, श्रावण शाबूत आहे, याबद्दल तिची तक्रार नाही.

माझी आहे. ज्या माणसाला चित्र पहिल्या नजरेतच कळले, त्याने माझ्याकडून चार पाठपोट कागद शाईने लिहून घेतले, असा मला दाट संशय आहे. तात्यांना खरेच काही कळले नव्हते. आपण मात्र "श्रावण" हे नाव मोठ्याने वाचण्यापूर्वी खोकलात, हे ध्वनिमुद्रणात दुसऱ्या मिनिटाला स्पष्ट ऐकू येते.

आजीला नमस्कार. तिच्या हातच्या भोपळ्याच्या घारग्या कोणाबरोबर तरी पाठवाव्यात.

आपली आज्ञाधारक (या खेपेपुरती)
नात

ता. क. हे पत्र पडवीत मोठ्याने वाचू नये. वाचलेच, तर आंतोनिओ गिलेम हे स्थळ नाही, हे तात्यांना आधी सांगावे.